दुप्पट पाण्याचा हिशेब

थोरलीला खुर्चीचा मोह नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण खुर्चीपेक्षा तिला हवं होतं ते वेगळंच. लोकांनी आपल्याला विचारावं, एवढंच तिला हवं होतं. घरात दूध उतू गेल्यावर गॅस कसा साफ करायचा इथपासून ते ऑफिसात टाकीचा पाइप किती इंची घ्यायचा इथपर्यंत, सगळ्यांनी आधी तिच्या तोंडाकडे बघावं आणि मग हात हलवावा. बरीच वर्षं तसं चाललंही होतं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, आणि घरात धाकटी आली.

धाकटीही इंजिनियरच, आणि तीही पाण्याचीच. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा थोरलीनेच तिला तिथे चिकटवून दिलं. स्वतः साहेबांकडे जाऊन शब्द टाकला, मुलाखतीच्या आदल्या दिवशी शेजारी बसवून तयारी करून घेतली, पहिल्या दिवशी हाताला धरून सगळ्यांची ओळख करून दिली. ‘माझी जाऊ’ असं सांगताना तिची मान ताठ होती. आपल्याच हाताने आपण काय उद्योग करून ठेवला हे कळायला तिला वर्षही लागलं नाही.

कारण धाकटीला येत होतं. नुसतं येत होतं असं नाही, तर ते तिच्या तोंडून गोड वाटत होतं. थोरलीने एखादी गोष्ट सांगितली की समोरच्याला आपण मठ्ठ आहोत असं वाटे. तीच गोष्ट धाकटीने सांगितली की समोरच्याला आपण हुशार झालो असं वाटे. हळूहळू ड्रॉइंगवाले थोरलीच्या टेबलावरून सरळ पुढे जाऊ लागले. फिटर लोक फोन करत तो ‘छोट्या मॅडम’ना. घरी सासूबाईंनी परवा चष्म्याचा नंबर विचारायचा, तोही धाकटीला! चष्म्याचा आणि पाण्याच्या पाइपांचा काय संबंध? थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ‘मला का नाही विचारलं’ असं विचारायचं तरी कुणाला आणि कोणत्या तोंडाने?

त्यात मुख्य साहेब निवृत्त होणार होते. संकल्पन विभागाचं, म्हणजे डिझाइनचं, प्रमुखपद दोघींपैकी एकीला मिळणार हे चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी तसं उघड बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी फक्त प्रसूतिगृहाचं काम दोघींच्या हातात दिलं.

काम असं होतं. टेकडीवरच्या टाकीपासून शहराच्या वरच्या वस्तीपर्यंत बिडाचा जुना पाइप गेलेला आहे. तीनशे मिलिमीटर व्यासाचा, दोन किलोमीटर लांब. टाकला तेव्हा साहेबसुद्धा शाळेत होते. त्याच्या शेवटच्या टोकाला नवं तीन मजली प्रसूतिगृह उभं राहत होतं. प्रश्न एकच: हा म्हातारा पाइप तिथवर पुरेसं पाणी पुरेशा दाबाने पोचवेल का?

या धंद्यात दाब मीटरात बोलतात. पाणी जितके मीटर वर चढू शकतं, तितका दाब. टाकी प्रसूतिगृहाच्या जमिनीपेक्षा अडतीस मीटर उंच. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी यायचं तर खाली सतरा मीटर शिल्लक राहायला हवेत. म्हणजे पाइपच्या आत घासाघाशीत एकवीस मीटरपर्यंत दाब गमावला तरी चालेल, पुढे नाही. आणि वरची वस्ती धरून पाणी सेकंदाला साठ लिटर न्यायचं.

थोरलीने हिशेब मांडला तो चहा गार व्हायच्या आत. ऑफिसात सगळे हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरत. त्यात पाइप आतून किती गुळगुळीत आहे त्याचा एक आकडा घालायचा असतो, त्याला ‘सी’ म्हणतात. नव्या बिडाच्या पाइपला एकशे तीस, आणि पाइप म्हातारा होत जाईल तसा तो आकडा उतरत जातो. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे जुन्या पाइपला शंभर धरत. थोरलीने शंभर धरला. घट आली आठ मीटर. शिल्लक तीस. काम झालं, पेन खाली.

“ताई, शंभर जास्त नाही का होत?” धाकटीने तिच्या खांद्यावरून बघत विचारलं.

“इतकी वर्षं शंभरच धरतोय आम्ही.”

“ते मधल्या वयाच्या पाइपला ठीक. पण हा फार जुना आहे, आणि आपलं पाणी लोखंड खाणारं आहे. डेपोत एक तुकडा पडलाय, गेल्या महिन्यात याच लाइनवर फुटला तेव्हा कापलेला. तुम्ही बघितलात का?”

थोरलीने बघितला नव्हता. बघायला हवा होता हे तिला तत्क्षणी कळलं, आणि ते धाकटीच्या तोंडून कळलं म्हणून तिचं डोकं फिरलं.

डेपोच्या अंगणात साहेबांसकट सगळे त्या तुकड्याभोवती उभे राहिले. आतली भिंत दिसतच नव्हती. गंजाच्या तपकिरी गाठी एकमेकींवर चढून बसल्या होत्या, काही सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या. धाकटीने बाही वर करून हात आत घातला, टेप लावला. तीनशेच्या पाइपला मोकळी वाट उरली होती ती साधारण अडीचशेची.

“साठ,” धाकटी म्हणाली. “पाइप तीनशेचाच धरला, तर सी साठच्या आसपास असेल सर. आणि व्यास अडीचशे धरला तर साठ धरायचा नाही, नाहीतर एकाच गाठीची शिक्षा दोनदा होईल.”

साहेब हसले. त्यांना असं बोलणं आवडायचं. “बघा,” ते थोरलीला म्हणाले, “तुमच्या तालमीत तयार झालीय.”

हे कौतुक नेमकं कुणाचं, हे थोरलीला कळेना. ती म्हणाली, “तुकडा एकाच जागेचा आहे सर. सगळा पाइप असाच असेल हे कशावरून? मोजून बघू.”

बोलणं अगदी रास्त होतं. पण ते कशापोटी निघालं ते तिचं तिला ठाऊक होतं. मोजल्यावर ऐंशी-नव्वद निघावा, धाकटीचा साठ साहेबांसमोर तोंडावर पडावा, म्हणून मोजायचं होतं.

सकाळी सकाळी दोघी लाइनवर गेल्या. आठशे मीटरच्या अंतरावर दोन ठिकाणी दाबमापक लावले, आकडे सेंटिमीटरपर्यंत दाखवणारे. मधल्या गल्ल्यांच्या झडपा फिटरने बंद केल्या, म्हणजे जेवढं पाणी वर शिरेल तेवढंच खाली निघेल. लगेच दोन खिडक्या उघडल्या आणि नळ का गेला म्हणून आरडाओरडा सुरू झाला. धाकटीने हात जोडून सगळ्यांना अर्धा तास मागितला. लोकांनी दिलाही. थोरलीने मागितला असता तर भांडण झालं असतं, आणि हेही तिला ठाऊक होतं.

खालच्या टोकाचा एक हायड्रंट, आगीच्या बंबासाठीचा मोठा नळ, उघडला. पाणी रस्त्यावरून गटाराकडे धावलं. सेकंदाला तीस लिटर. एका हायड्रंटमधून त्याहून जास्त निघेना. दोन्ही मापकांमधला जमिनीच्या उंचीचा फरक वजा केला आणि उरली घट: आठशे मीटरमध्ये दोन मीटर एकतीस.

थोरलीने आकडेमोड दोनदा केली. तिसऱ्यांदा केली. सी आला साठ.

“साठच्या जवळ असेल म्हणाले होते, पण चक्क साठ येईल असं नव्हतं वाटलं,” धाकटी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. लहान मुलीसारखी ती ओल्या रस्त्यावर उभी राहून हसत होती. फिटरही हसला. थोरलीने मापक काढून पेटीत ठेवले आणि पेटीचं झाकण जरा जोरातच लावलं.

त्या दिवशी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. छोट्या मॅडमनी नुसता हात घालून आकडा सांगितला! हे ऐकून ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मत्सर म्हणजे पोटात बारीक दुखणं असं तिने ऐकलं होतं. तिला तसं दुखत नव्हतं. तिला स्वच्छ, मोठ्याने राग येत होता. धाकटीच्या हसण्याचा, तिच्या सुती ओढणीचा, ती डबा उघडून पहिला घास दुसऱ्याला द्यायची त्याचासुद्धा. कुणी इतकं चांगलं असू नये असं तिला मनापासून वाटत होतं. निदान आपल्या घरात तरी असू नये.

साहेबांनी अहवाल धाकटीला लिहायला सांगितला. बैठक आठवड्यानंतर होती. प्रसूतिगृहाच्या मुख्य डॉक्टर येणार, इमारतीचा आर्किटेक्ट येणार. “तिथे मी दुसरीही एक गोष्ट जाहीर करीन म्हणतो,” साहेब जाता जाता म्हणाले. कोणती ते सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी थोरली घरी एकटीच होती. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, दोघे भाऊ अजून यायचे होते. तिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. धाकटीची काहीतरी चूक सापडावी, कुठेतरी शून्य जास्त पडलेलं असावं, म्हणून ती शिकारी नजरेने शोधत होती. चूक नव्हती. सी साठ, साठ लिटर, दोन किलोमीटर: घट वीस मीटर नव्वद. शिल्लक सतरा मीटर दहा. लागतात सतरा. अगदी काठावर, पण पास.

काठावर पास झालेल्या उत्तराकडे तिने जरा रोखून बघितलं. आणि मग तिच्या लक्षात आलं.

आपण मोजलं ते तीस लिटरला. न्यायचेत साठ.

हेझन-विल्यम्सचं सूत्र सोपं आहे, म्हणून लाडकं आहे. पण ते बऱ्यापैकी गुळगुळीत पाइपांवरच्या अनुभवातून बांधलेलं आहे. त्याच्या हिशेबाने पाणी दुप्पट केलं की घट तीन पूर्णांक सहा पट होते. इतक्या खडबडीत पाइपात मात्र गाठी पाण्याला सरळ जाऊच देत नाहीत, प्रवाह गाठीगाठींवर आपटत, घुसळत जातो. तिथे डार्सीचं सूत्र खरं सांगतं: पाणी दुप्पट, तर घट चौपट. म्हणजे तीस लिटरला काढलेला साठ हा आकडा साठ लिटरला साठ राहतच नाही, आणखी उतरतो. हेझन-विल्यम्समध्ये तो तसाच घातला की उत्तर गोड येतं आणि खोटं येतं.

तिने कोरा कागद घेतला. डार्सी. व्यास अडीचशे, मोकळ्या वाटेचा. खडबडीतपणा किती धरायचा? पुस्तकात नव्या बिडाला पाव मिलिमीटर दिलाय. तो इथे घालणं म्हणजे सुरकुतलेल्या माणसाला लहानपणीच्या फोटोवरून ओळखायला जाणं. तिने सकाळच्या मोजणीवरून उलटा हिशेब केला, आणि आला अडीच मिलिमीटर. इतक्या गंजलेल्या पाइपला शोभेल असा, पटण्यासारखा आकडा. व्यास तीनशे ठेवून केला असता तर खडबडीतपणा पंचवीस मिलिमीटरच्या वर गेला असता, आणि त्यावर कुठल्याच शहाण्या माणसाने विश्वास ठेवला नसता. मग अडीच धरून साठ लिटरला घट काढली. तेवीस मीटर.

शिल्लक पंधरा. लागतात सतरा.

तिसऱ्या मजल्यावर पाणी चढणार नव्हतं. आणि हे अख्ख्या शहरात फक्त तिला एकटीला ठाऊक होतं.

थोरलीला किती आनंद झाला ते सांगायची सोय नाही. ती उठून उगाच स्वयंपाकघरात एक चक्कर मारून आली. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. अजून आपल्याला येतं! अजून आपल्याला जे दिसतं ते त्या पोरीला दिसत नाही! तिला वाटलं, आत्ता येईल तेव्हा तिला बसवून सांगावं, अगं वेडे, इथे बघ. हा विचार खरंच आला होता. एखादा मिनिटभर तो टिकलाही.

मग दार वाजलं आणि धाकटी आत आली. तिने पर्स खुर्चीवर टाकली, पाणी प्यायली, आणि ग्लास हातात धरूनच म्हणाली, “ताई, एक विचारू?”

थोरलीने डार्सीचा कागद वर्तमानपत्राखाली सरकवला. कसा सरकवला ते हातालाच ठाऊक.

“विचार की.”

“दुपारपासून मला एक शंका छळतेय. आपण मोजलं तीसला, आणि उत्तर देतोय साठला. हेझन-विल्यम्स ठेवू, की डार्सीने पुन्हा करू? कॉलेजात म्हणायचे, पाइप फार खडबडीत असला की डार्सी धरावं. पण ऑफिसात सगळे तेच सूत्र वापरतात, सगळे जुने अहवाल त्यातच आहेत. मी बदललं तर लोक म्हणतील, ही आली मोठी शहाणी.” तिने ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. “तुम्ही सांगाल तसं करते. तुम्हाला जास्त कळतं.”

इतके दिवस थोरलीला जे हवं होतं ते हेच होतं. धाकटी तिच्यासमोर उभी होती, हातात रिकामा ग्लास, आणि खरोखर विचारत होती. तिच्या विचारण्यात कसलाही डाव नव्हता. पण थोरलीच्या डोळ्यांसमोर बैठक आली. साहेब, डॉक्टर, फळा, आणि सगळ्यांच्या देखत धाकटीच्या चेहऱ्यावरून उतरणारं ते हसू.

“हेझन-विल्यम्सच ठेव,” ती म्हणाली. “सी मोजलेला आहे ना? मोजलेल्या आकड्यावर शंका कशाला? बरोबर आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“हुश्श,” धाकटी म्हणाली. “बरं झालं तुम्हाला विचारलं.” आणि ती कपडे बदलायला निघून गेली.

पुढच्या दिवसांत थोरलीला अनेकदा संधी होती. न्याहारीला होती, बसमध्ये होती, अहवालाचा मसुदा तिच्या टेबलावर होता तेव्हाही होती. प्रत्येक वेळी तिने स्वतःची समजूत घातली: मी काही पाणी बंद करत नाहीये. बैठकीत मी स्वतःच सांगणार आहे. प्रसूतिगृहाचं नुकसान होणार नाही, बाळंतिणींना पाणी मिळेल. होणार आहे ते फक्त एवढंच की एकीला तिची जागा कळेल. यात वाईट काय? असा प्रश्न माणूस स्वतःला दिवसातून चारदा विचारू लागला की त्यात वाईट काय ते त्याला माहीत असतं.

बैठकीला खोली भरली होती. धाकटीने सुंदर सांगितलं. गंजलेल्या तुकड्याचा फोटो दाखवला, मोजणी दाखवली, शेवटी पडद्यावर आकडा आला: शिल्लक दाब सतरा मीटर दहा. प्रसूतिगृहाच्या डॉक्टर बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. “म्हणजे पाइप बदलायला नको, रस्ता खणायला नको?” त्यांनी विचारलं.

“नको,” धाकटी म्हणाली.

साहेबांनी घसा साफ केला. ती दुसरी गोष्ट आता जाहीर होणार हे उघड होतं. थोरली उभी राहिली.

“सर, एक मिनिट. मला वाटतं, सूत्रच चुकीचं निवडलंय.”

तिने फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या. तीसला मोजलं, साठला वापरलं. दुप्पट पाण्याला हे सूत्र म्हणतं तीन पूर्णांक सहा पट, इतका खडबडीत पाइप म्हणतो चौपट. वीस मीटर नव्वद नाही, तेवीस. शिल्लक पंधरा. “तिसऱ्या मजल्यावर नळ कोरडे राहतील,” ती म्हणाली, आणि खडू खाली ठेवला. आवाज अगदी शांत होता. तो तिने घरी आरशासमोर तयार केला होता.

आर्किटेक्ट कागदावर गुणाकार करू लागला. साहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला. “बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “अगदी बरोबर.” मग धाकटीकडे वळून, जरा कडकपणे, “हे तुमच्या लक्षात आलं नाही?”

एवढ्या तयारीत थोरलीने या एका प्रश्नाची तयारी केली नव्हती. धाकटीने एकच वाक्य बोलायचा अवकाश होता: मी ताईंना विचारलं होतं. बस. मग खडू, फळा, शांत आवाज, सगळं मातीत गेलं असतं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर थोरलीला सोपं गेलं असतं. राग नव्हता. एखाद्या जिन्यावर पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसा तो चेहरा होता.

“शंका आली होती, सर,” ती म्हणाली. “पण मी स्वतः हिशेब करून बघायला हवा होता. चूक माझी.” आणि आवाज सावरत, “मोजून खात्री करूया. खालचे दोन हायड्रंट एकदम उघडले तर साठ लिटर मिळतील. ताईंचं म्हणणं बरोबर असेल तर आठशे मीटरला घट सव्वानऊच्या आसपास दिसेल. माझं असेल तर आठ पूर्णांक तीन.”

दुसऱ्या दिवशी दोन हायड्रंट उघडले. रस्त्यावर नदी झाली. साहेब स्वतः मापकापाशी उभे होते. घट नऊ मीटर वीस.

कुणीतरी थोरलीच्या पाठीवर थाप मारली. फिटर म्हणाला, “मोठ्या मॅडम त्या मोठ्याच.” साहेबांनी तिथेच, ओल्या रस्त्यावर, प्रमुखपदाचं जाहीर करून टाकलं. धाकटी पुढे झाली आणि तिने सगळ्यांच्या आधी अभिनंदन केलं. हात गार होता.

उपायही धाकटीनेच सुचवला. शेवटचे पाचशे मीटर आतून खरवडायचे आणि सिमेंटचं अस्तर द्यायचं. तेवढ्यानेच चार मीटर परत मिळतात, शिल्लक एकोणीस होते, आणि सगळा रस्ता खणावा लागत नाही. थोरलीने नव्या खुर्चीतून त्यावर सही केली.

खुर्ची चांगली होती, मागे रेलता यायचं. लोक विचारायला येऊ लागले, कारण आता विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं. घरी सासूबाईंनी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. नवऱ्याने कौतुक केलं, दिराने तर मिठाई आणली. त्यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं. धाकटीने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, हे मिठाईवरून उघड होतं. ती पूर्वीसारखीच वागत होती. ताई चहा घेणार का, ताई बस आली, ताई आईंचं औषध आणलं. भांडली असती तर थोरलीने चार उत्तरं तयार ठेवली होती. ती उत्तरं तशीच पडून राहिली.

एका संध्याकाळी धाकटी जेवणाच्या टेबलावर अस्तराचा हिशेब करत बसली होती. बराच वेळ तिची पेन्सिल हलली नव्हती. तिने एक पुस्तक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. अस्तर दिल्यावर व्यास किती धरायचा आणि नवा खडबडीतपणा किती, यावर ती अडली असणार, हे थोरलीला लांबूनच दिसत होतं. तिला उत्तर येत होतं. अगदी जिभेवर होतं.

ती टेबलापाशी गेली, दोनदा परत फिरली, आणि शेवटी खुर्ची ओढून समोर बसली.

“अडलंय का काही?”

“नाही ताई. बघते मी.”

“अगं, मला येतं ते. विचार ना मला.”

धाकटीने पुस्तकातून मान वर केली. आवाज चढवला नाही, कडवटपणाही नव्हता. जे झालं ते तिने नुसतं सांगितलं.

“विचारलं होतं, ताई,” ती म्हणाली, आणि पान उलटलं.